रेतीवाल्याचे फूट आणि पावतीवरचे घनमीटर

प्रश्न: घराच्या छतासाठी 600 घनफूट रेती आणि 400 घनफूट काँक्रीट लागेल असं ठेकेदार म्हणतो. ऑर्डर घनमीटरमध्ये द्यायची आहे. कसं बदलायचं, 3.28 ने भागायचं ना?

नाही. 3.28 लांबीला. घनफुटाला 35.31 ने भागा, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही बदलतात. 600 चे 17 घनमीटर झाले आणि 400 चे 11.33. हिशोब इथे संपला, पण तुमच्या त्या 600 मध्ये खरी भानगड आहे आणि त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालते म्हणून लिहितोय.

आमच्या इंदूरमध्ये रेती फुटावर विकतात, फूट म्हणजे घनफूटच, नर्मदेची असली की भाव जास्त सांगतात आणि डंपरवाला फोनवर एकच आकडा सांगतो, "छे सौ फुट की गाड़ी है". ताईच्या घराचं काम चाललं होतं, सुदामानगरच्या बाजूला, आणि सगळी खरेदी भावजी बघत होते. भावजी बँकेतून रिटायर, त्यामुळे बिल आणि पावती जुळली की त्यांच्या लेखी व्यवहार झाला. मी सकाळी सहज गेलो तर डंपर दारात उभा, रेती पार शिगेला आलेली, वर ताडपत्री, आणि भावजी पैसे मोजतायत. मी म्हटलं भावजी, गाडी रिकामी व्हायच्या आधी एकदा टेप लावू. त्यांना ते आवडलं नाही, माणसावर विश्वास ठेवावा वगैरे. तरी मी चढलो.

माप कसं घेतलं ते सांगतो कारण लोक नेमकं इथेच फसतात. लांबी-रुंदी फाळक्याच्या आतून घ्यायची, बाहेरून नाही. वरची शीग आधी फावड्याने ओढून सपाट करायची, मग पातळ सळई तळाला टेकेपर्यंत पाच-सहा ठिकाणी खुपसायची आणि त्या उंचीची सरासरी काढायची, कारण रेती मागे उतरलेली असते आणि पुढे चढलेली. काही गाड्यांत पुढच्या बाजूला जॅकचा डबा आत आलेला असतो, तो वजा करायचा. आमची गाडी आतून 14 फूट 2 इंच लांब, 7 फूट 4 इंच रुंद, आणि रेतीची सरासरी उंची निघाली 4 फूट 7 इंच. गुणा, साधारण 476 घनफूट. त्या गाडीत 600 बसवायचे तर उंची पावणेसहा फूट पाहिजे आणि फाळकाच मुळी पाच फुटांचा! एक इंच उंची कमी-जास्त झाली तर त्या गाडीत पावणेनऊ घनफुटांचा फरक पडतो, म्हणून तळाला नीट टेकवून मोजणं महत्त्वाचं, वरून अंदाजाने नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "भिया, सब जगह ऐसे ही नपती है." असेल. मग मी त्याच्याकडे खदानीची रॉयल्टीची पावती मागितली. आपल्याकडे मध्य प्रदेशात त्या पावतीवर माल घनमीटरमध्ये लिहिलेला असतो, आणि तिच्यावर होते 14 घनमीटर. 14 गुणिले 35.31, म्हणजे 494 फूट. पावती म्हणते 494, टेप म्हणतो 476, आणि बिल 600 चं. तुम्हाला बदल करायला येतो ना, मग तो इथे वापरा: त्याच्या फुटांना घनमीटर करून पावतीशी ताडून बघा. 600 फूट म्हणजे 17 घनमीटर, पावतीवर 17 नसतील तर विचारायला जागा आहे. (पावती हा अंतिम पुरावा नाही हेही खरं, गाडी पावतीपेक्षा जास्त भरून आलेली असू शकते. म्हणून टेप पहिला, पावती नंतर.)

आणि टेपच्या दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतातच, सरळ तिथूनच वाचा. 4.32 गुणिले 2.235 गुणिले 1.40, साडेतेरा घनमीटर आले की झालं, 35.31 लक्षात ठेवायचीही गरज नाही.

त्या दिवशी पैसे 476 चे दिले. भावजी मात्र अजूनही म्हणतात की रेती ओली होती, ओला माल भारी, म्हणून फूट कमी भरले तरी आपलं नुकसान नव्हतं. हे बरोबर उलटं आहे. किंचित ओली रेती फुगते, कणांभोवती पाण्याची पातळ फिल्म बसते आणि ते एकमेकांपासून सरकतात. पाच-सहा टक्के ओलाव्याला फुगवटा 20-30 टक्के सहज होतो, बारीक रेतीत त्याहून जास्त. पूर्ण पाण्यात बुडवली की परत बसते. खात्री करायची असेल तर काचेच्या सरळ बरणीत रेती न दाबता 20 सेंटिमीटर भरा, बाहेर काढून ठेवा, बरणीत अर्धं पाणी घ्या आणि ती रेती हळूहळू सोडत ढवळा. बसल्यावर थर 16 सेंटिमीटर राहिला तर फुगवटा 25 टक्के. मी हे भावजींसमोर ताईच्या लोणच्याच्या बरणीत करून दाखवलं, 25 च्या जवळपास आलं. म्हणजे त्या 476 फुटांत खरी रेती 380 च होती. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ठेकेदाराला आधी विचारा, 600 सुक्या रेतीचे की गाडीतल्या ओल्या रेतीचे. सुक्या रेतीचे असतील आणि फुगवटा 25 टक्के निघाला तर ऑर्डर 750 फुटांची, म्हणजे सव्वाएकवीस घनमीटर. घनमीटर केल्याने फुगवटा जात नाही, तो दोन्ही मापांत तेवढाच राहतो.

काँक्रीटचं थोडक्यात. आरएमसी, म्हणजे मिक्सरच्या गाडीतून येणारं तयार काँक्रीट, घेणार असाल तर 11.33 हे तयार ओल्या काँक्रीटचंच माप आहे, त्याला 1.54 ने गुणू नका, तो गुणक साइटवर मिक्स करताना सुक्या मालासाठी असतो. आणि मग आरएमसी घेऊन 600 फूट रेती कशाला हेही विचारा, प्लास्टरसाठी असेल तर ठीक. थोडी सांडलवंड धरून साडेअकरा-बारा सांगा. 6 घनमीटरच्या मिक्सरच्या दोन गाड्या येतील, दुसरीचा आकडा पहिली ओतून झाल्यावर उरलेलं मोजून पक्का करा. ठेकेदाराने 5 इंच जाडीला 0.5 फूट धरलं असेल तर 400 हेच चुकलंय, 5 इंच म्हणजे 0.417 फूट. 400 चे लगेच 333 होतील आणि मग साडेनऊ घनमीटरमध्ये काम होईल. बीम वेगळे मोजलेत का ते बघा, मला तुमचा नकाशा माहीत नाही.