पाठ नंतर, आधी पुस्तक

"मॅडम, दोन-तीन तास वाचलं की डोळे चुरचुरतात, मान आणि कंबर धरते. ताठ बसायचं ठरवते, पण थोड्या वेळाने बघते तर पुन्हा वाकलेली. मध्ये उठलं की लय तुटते. माझ्यात चिकाटीच कमी आहे का?"

परीक्षांचे दिवस जवळ आले की हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्या खोलीत ऐकू येतंच. ज्या मुलीने ते या शब्दांत विचारलं, ती स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. डोळ्यांची तपासणी झालेली, नंबर नाही. घरच्यांनी "ताठ बस" म्हणून म्हणून जीव नकोसा केलेला.

चिकाटीचा मुद्दा मी बाजूला ठेवला. माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी त्याची खुर्ची, टेबल आणि दिवा पाहावा, या मताची मी आहे. माझ्या क्षेत्रातल्या काहींना हे फार वरवरचं वाटतं. वाटू दे.

तिला म्हटलं, "पुढच्या वेळी तुझं पुस्तक घेऊन ये आणि इथे घरच्यासारखी वाचत बस."

ती आली, टेबलाशी बसली. पुस्तक टेबलावर सपाट. छताचा दिवा नेमका तिच्या पाठीमागे, म्हणजे डोक्याची सावली थेट पानावर. पहिल्या पानाला पाठ सरळ होती. मग हनुवटी खाली आली, खांदे पुढे आले, कंबर खुर्चीच्या पाठीपासून सुटली. काही वेळाने नाक आणि पान यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं.

"आता हलू नकोस. तू वाकलीस का?"

"सवय आहे."

मी टेबलावरचा दिवा तिच्या डाव्या हाताला ठेवून लावला. सावली पानावरून सरकली. मग जाड फाइलींचा उतार करून पुस्तक त्यावर तिरकं टेकवलं आणि म्हटलं, "वाच."

ती वाचू लागली आणि आपोआप मागे सरकली. पाठ खुर्चीला टेकली. मी 'ताठ बस' असं एका शब्दाने म्हटलं नव्हतं.

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली.

"तेच तर!"

इतक्या जणांना वाचताना पाहून मला जे उमगलं ते हेच. वाचणाऱ्याचं शरीर डोळ्यांच्या मागे जातं आणि डोळे पानाच्या मागे. पान अंधारात असेल तर डोळे जवळ जातात, डोळ्यांमागे मान जाते, मानेमागे कंबर. पाठीला कितीही दटावा, पान खाली आहे तोवर ती वाकणारच. शिवाय पान जितकं जवळ, तितका जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्याच्या आतला स्नायू जास्त आवळलेला राहतो. म्हणजे डोळ्यांची तक्रार आणि कंबरेची तक्रार एकाच ठिकाणाहून निघते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी उजेड, मग पुस्तक, खुर्ची शेवटी.

उजेडात लोकांची एक हमखास चूक असते. खोलीत अंधार आणि पानावर तेवढा झगझगीत दिवा. एकाग्रता होते म्हणतात, पण नजर पानावरून उचलली की दर वेळी डोळ्यांना उजेड-अंधाराशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून खोलीतला दिवाही चालू हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने टेबलावरचा दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे, आणि झाकणाची कड इतकी खाली घ्यावी की बसल्यावर बल्ब दिसणार नाही. पारखायचं असेल तर पानावर छोटा आरसा आडवा ठेवा. त्यात बल्ब दिसला तर गुळगुळीत कागदावर चमकही येणार, दिवा आणखी बाजूला सरकवा. कमी उजेडात वाचून डोळे कायमचे बिघडतात ही भीती मात्र सोडा. ते थकतात, आणि विश्रांतीने तो थकवा जातो.

पुस्तकाचं अंतर मोजायला पट्टी नको. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाशी आणा, कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर पुरेसं आहे. मोठ्या माणसात ते साधारण 35 ते 40 सेंटीमीटर भरतं. उतार इतका हवा की पान वाचायला नजर खाली गेली तरी मान फारशी जाणार नाही. लिहायची वही मात्र इतकी तिरकी नको.

खुर्चीचं काम मग थोडंच उरतं. त्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ती ते खुर्चीच्या दांडीवर अडकवून बसायची. पायाखाली लाकडी पाट दिला, कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी दिली, बस्स. अगदी काटकोनात बसण्याचा अट्टहास नको, किंचित मागे रेलून भार खुर्चीच्या पाठीवर टाकलेला बरा.

खरी वादावादी झाली ती विश्रांतीवरून.

"उठले की परत बसायला अर्धा तास जातो."

"उठून करतेस काय?"

"फोन बघते."

म्हणजे डोळे पुस्तकाइतक्याच, किंबहुना त्याहून जवळच्या अंतरावर आणि मान आणखी खाली. ही विश्रांती डोळ्यांना कळतसुद्धा नाही. आवळलेला स्नायू सैल पडतो लांब पाहिल्यावर. साधारण वीस मिनिटांनी वीसेक सेकंद खिडकीबाहेर किंवा खोलीच्या पार टोकाला, सुमारे 6 मीटरवर नजर टाकावी आणि तेव्हा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. वाचनात गुंतलं की पापण्या कमी लवतात, चुरचुरण्याचं मोठं कारण ते. तिचा पंखाही थेट तोंडावर होता, तोही फिरवायला लावला. आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठून तीन-चार मिनिटं चालायचं, फोन टेबलावरच ठेवून. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधी. दुखेपर्यंत थांबलं तर तीन-चार मिनिटं पुरत नाहीत.

आणि लय? तिला सांगितलं, प्रकरण संपवून उठू नकोस, परिच्छेदाच्या मधेच पेन्सिलीने खूण करून ऊठ. संपलेल्या प्रकरणानंतर नवं उघडायचा कंटाळा येतो, अर्धवट वाक्य मात्र परत ओढून आणतं. हे तिला इतकं पटलं की पुढच्या भेटीत पाठीपेक्षा याचंच कौतुक जास्त होतं. चुरचुर जवळपास थांबली होती. कंबर संध्याकाळी अजून बोलायची, पण मान मोकळी झाली होती.

सगळंच असं टेबलावर सुटत नाही. दिवा आणि अंतर नीट असूनही डोकं रोज दुखत असेल, एकाचं दोन दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. चाळिशीच्या आसपासच्या वाचकाने तर आधी जवळचा नंबर तपासून घ्यावा. कंबरेचं दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी.

जाताना तिने विचारलं, "परीक्षेत उतार नसणार, दिवाही माझा नसणार. तेव्हा?"

सराव प्रश्नपत्रिका सपाट टेबलावर, पूर्ण वेळ लावून सोडवायची, एवढंच सांगितलं. पान उलटताना पाठ खुर्चीला टेकवून नजर समोरच्या भिंतीकडे न्यायची. परीक्षेच्या खोलीत तेवढ्याला कुणी हरकत घेत नाही.