टॉर्क कधी दुप्पट, कधी दीडपट : धरणाच्या भिंतीचं एक गणित

"मॅडम, धरणाच्या उभ्या भिंतीवर पाण्याचं बल किती, हे मी दरवेळी बरोबर काढते. पण तळाभोवतीचा टॉर्क विचारला की उत्तर हमखास चुकतं. एकदा दुप्पट आलं, एकदा दीडपट. मला इंटिग्रेशनच जमत नाही असं वाटायला लागलंय. इंजिनिअरिंगचं पहिलंच वर्ष आहे. आत्ताच शाखा बदलावी का?"

शाखेचा विषय बाजूला ठेवून आधी तिची वही उघडली. अशा वेळी वहीच खरं सांगते. गणित असं होतं : भिंतीची लांबी w = १०० मीटर, पाण्याची खोली H = ३० मीटर, पाण्याची घनता ρ = १००० किलो प्रति घनमीटर, g = 9.8. तिने केलेली दोन्ही इंटिग्रेशनं तपासली. एकातही चूक नव्हती. y चं y²/2, y² चं y³/3, मर्यादा ० ते ३०, सगळं जागच्या जागी. मग इंटिग्रेशन जमत नाही हे निदानच चुकीचं ठरतं, आणि त्या निदानावर शाखा बदलणंही.

बल तिने असं काढलं होतं. पृष्ठभागापासून y खोलीवर dy जाडीची आडवी पट्टी घ्यायची. तिथला दाब ρgy, पट्टीचं क्षेत्रफळ w·dy. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या पट्टीवरचं बल. अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज :

```
dF = ρ g y w dy
F  = ρ g w H² / 2
```

आकडे घातले की ४४.१ कोटी न्यूटन येतात. हवेचा दाब तिने धरला नव्हता आणि तेच योग्य, कारण तो भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सारखाच रेटतो. काही मुलं तो फक्त पाण्याच्या बाजूने धरतात. मग उत्तरात सुमारे ३० कोटी न्यूटन फुकट वाढतात.

आता टॉर्क. प्रत्येक पट्टीच्या बलाला भुजेने गुणायचं आणि बेरीज करायची. तिने इथे भुजा y धरली होती. इथेच घात झाला. y आपण पृष्ठभागापासून खाली मोजतो, कारण दाब खोलीवर ठरतो. टॉर्क मात्र तळाभोवती हवा आहे. पाण्याचा रेटा आडवा असल्यामुळे भुजा म्हणजे पट्टीची तळापासूनची उभी उंची, H − y. एकच पट्टी, पण दाबासाठी टेप वरून लावायचा आणि भुजेसाठी खालून. बल काढताना दुसऱ्या टेपची गरजच पडत नाही, म्हणून ते दरवेळी बरोबर येत होतं.

```
dτ = ρ g w y (H − y) dy
τ  = ρ g w (H³/2 − H³/3) = ρ g w H³ / 6
```

म्हणजे ४४१ कोटी न्यूटन-मीटर. तिचं उत्तर ८८२ कोटी होतं, नेमकं दुप्पट.

दीडपट उत्तराचं कारण निराळं. त्या दिवशी तिने इंटिग्रेशन केलंच नव्हतं. बल ४४.१ कोटी, भिंतीचा मध्य १५ मीटरवर, गुणाकार ६६१.५ कोटी. "सरासरी दाब मध्यावरचाच असतो ना?" असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण सरासरी दाब मध्यावर असला तरी एकूण बल मध्यावर लागत नाही. खालच्या अर्ध्या भागावर वरच्या अर्ध्याच्या तिप्पट बल असतं, त्यामुळे बलाची रेषा खाली सरकते. ४४१ ला ४४.१ ने भागा : १० मीटर. तळापासून एक तृतीयांश उंची, H/3.

हे सूत्र म्हणून पाठ असण्यापेक्षा हाताने पाहिलेलं बरं. म्हणून तिला इंटिग्रेशन पूर्ण बाजूला ठेवून भिंतीच्या १० मीटरच्या तीन पट्ट्या करायला सांगितल्या. प्रत्येकीचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर. मध्यांची खोली ५, १५ आणि २५ मीटर. त्यांवरची बलं ४.९, १४.७ आणि २४.५ कोटी न्यूटन. बेरीज ४४.१ कोटी, अगदी तंतोतंत.

मग टॉर्क. तळापासून मध्यांची उंची २५, १५, ५ मीटर. गुणाकार १२२.५, २२०.५ आणि पुन्हा १२२.५ कोटी. इथे ती थांबली. सर्वात खालच्या पट्टीवर बल सर्वात जास्त, तरी तिचा टॉर्क सर्वात वरच्या पट्टीएवढाच कसा? खाली बल मोठं पण भुजा तोकडी, वर भुजा लांब पण बल थोडं. टॉर्कमध्ये सर्वात मोठा वाटा मधल्या खोलीचा असतो. y(H − y) या गुणाकारातून हेच दिसतं : तो दोन्ही टोकांना शून्य आणि मध्यावर सर्वात मोठा. भुजा नुसती y धरली, तर तळाची पट्टी सर्वात जास्त टॉर्क देते असं निघतं. पण तळाला चिकटलेला रेटा भिंतीला तळाभोवती फिरवणार तरी कसा? चूक पकडायला एवढा एक प्रश्न पुरतो.

तिन्हींची बेरीज ४६५.५ कोटी येते, खऱ्या उत्तरापेक्षा २४.५ कोटींनी जास्त. कारण तेच : प्रत्येक पट्टीतही बल मध्याच्या किंचित खाली लागतं आणि आपण मध्यावर धरतो. पाच-पाच मीटरच्या सहा पट्ट्या केल्या, तर बेरीज सुमारे ४४७.१ कोटी होते आणि चूक चौथ्या हिश्श्यावर येते. एकेक मीटरच्या तीस पट्ट्यांनी ४४१.२ कोटींपर्यंत पोचतो. पट्टी बारीक करत नेली की उरतं ते इंटिग्रेशन. उलट जाऊन अख्ख्या भिंतीची एकच पट्टी धरली, तर ६६१.५ कोटी येतात. तिची दीडपट चूक म्हणजे हाच एका पट्टीचा हिशोब होता.

यातून एक तपासणीही मिळते. उत्तर आल्यावर टॉर्कला बलाने भागायचं. उभी आयताकृती भिंत आणि पाणी तळापर्यंत असेल, तर भागाकार खोलीच्या एक तृतीयांश यायला हवा. निम्मा आला तर मध्य धरलाय, दोन तृतीयांश आला तर भुजा वरून मोजली आहे. भिंत तिरकी किंवा दरीसारखी खाली अरुंद असेल, तर ही खूण चालत नाही. अरुंद होणाऱ्या भिंतीत w हाच y बरोबर बदलतो आणि त्याला इंटिग्रेशनच्या आत ठेवावं लागतं.

पाणी १५ मीटरवर उतरलं तर काय, हेही तिने करून पाहिलं. बल चौथाई, टॉर्क फक्त आठवा हिस्सा, सुमारे ५५.१ कोटी. जलाशय मागे किती लांब पसरलाय याचा सूत्रात कुठेच उल्लेख नाही, कारण स्थिर पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, साठ्यावर नाही. खऱ्या धरणाच्या स्थैर्याचा हिशोब मात्र इथे संपत नाही. पायाखाली शिरलेलं पाणी धरणाला वर उचलू पाहतं, आणि तो रेटा वेगळा मोजावा लागतो. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, त्यानंतर या वरच्या रेट्याकडे अभियंत्यांचं गांभीर्याने लक्ष गेलं.

शेवटी तिला दुसरं गणित दिलं : तेवढ्याच मापाचं उभं दार, पण बिजागरी वर, पाण्याच्या पृष्ठभागाशी. बिजागरीभोवतीचा टॉर्क काढ. तिने पट्टी आखली, भुजा y लिहिली, क्षणभर थांबून "आता दोन्ही वरूनच" असं पुटपुटली, आणि उत्तर काढलं : ८८२ कोटी न्यूटन-मीटर.