'चूक की बरोबर' तपासताना नुसत्या 'नाही'ला शून्यच

प्रश्न: सातवीच्या भूगोलाच्या कार्यपत्रिकेत 'चूक की बरोबर ते लिहा आणि चुकीची विधाने स्वतःच्या शब्दांत दुरुस्त करा' असा प्रश्न ठेवला आहे. गुण कसे विभागावेत? काही मुले वाक्यात फक्त 'नाही' घालून मोकळी होतात, त्यांना काय द्यावे? उणे गुण ठेवावेत का?

उत्तर: नुसत्या 'नाही'ला दुरुस्तीचा एकही गुण देऊ नये. विधान चुकीचे आहे एवढेच ते 'नाही' सांगते आणि त्याचा गुण मुलाने 'चूक' लिहिले तेव्हाच पदरात पडलेला असतो. त्याच माहितीचे पैसे दोनदा कशाला मोजायचे?

माझी विभागणी अशी आहे. बरोबर विधान ओळखल्यास 1 गुण. चुकीचे विधान ओळखल्यास 1 आणि त्याच्या दुरुस्तीला 2. त्यांपैकी पहिला गुण विधानातील नेमका चुकलेला भाग हेरल्याबद्दल आणि दुसरा त्या जागी योग्य गोष्ट पूर्णपणे आणल्याबद्दल. 8 विधानांपैकी 4 चुकीची असतील तर एकूण 16 गुण होतात. न वाचता सर्वत्र 'चूक' लिहिणाऱ्याला त्यांतले 4 मिळतात, म्हणजे पाव. दुरुस्ती नसती आणि प्रत्येक विधानाला एकच गुण असता, तर त्याच मुलाला निम्मे गुण मिळाले असते. उणे गुणांची गरज यातच संपते. सातवीच्या मुलांना ते मुळीच लावू नयेत.

आता खरा प्रश्न दुरुस्तीच्या दोन गुणांचा आहे, आणि त्यावरून आमच्या शिक्षक-खोलीत जे घडले ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमची शाळा रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठी आहे आणि वर्गातली बरीच मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. 'भरती-ओहोटी' या पाठावरच्या कार्यपत्रिकेत एक विधान होते: 'उधाणाची भरती फक्त पौर्णिमेला येते.' विधान अर्थातच चुकीचे. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींना सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीचा परिणाम एकत्र होतो आणि उधाण दोन्ही वेळी येते.

उत्तरे चार तऱ्हेची आली. पहिले, 'उधाणाची भरती फक्त पौर्णिमेला येत नाही.' वाक्य खरे आहे, पण मग केव्हा येते हे त्यात नाही. 3 पैकी 1. दुसरे, 'उधाणाची भरती अमावास्येला येते.' या मुलीने चुकलेला भाग बरोबर हेरला, मात्र अमावास्या आणताना पौर्णिमा सोडून दिली. 3 पैकी 2. तिसरे, 'भांगाची भरती अष्टमीला येते.' हेही खरे, परंतु ते दुसऱ्याच भरतीविषयी आहे. मुलाने पाठातले आठवेल ते वाक्य ठेवून दिले होते आणि मूळ चूक जागच्या जागी राहिली होती. 3 पैकी 1. असे उत्तर पटकन वाचले तर हातून बरोबरची खूण केली जाते. म्हणून दुरुस्त केलेले वाक्य मूळ विधानाशेजारी ठेवून वाचावे आणि नेमके काय बदलले आहे हे पाहावे.

चौथे उत्तर एका होडीवाल्याच्या मुलाचे होते: 'अवस असो नायतर पुनव, उधाण दोन्हीला असतं. पण पाणी सगळ्यात वर चढतं ते मागाहून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.' मी त्याला 3 पैकी 3 दिले. एकसारखेपणा राहावा म्हणून गठ्ठा दुसऱ्या हाताखालूनही जाण्याची आमच्याकडे पद्धत होती. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दुरुस्तीचे दोन्ही गुण कापले. कारणे दोन दिली: भाषा पुस्तकी नाही, आणि 'दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी' असे उत्तरसूचीत नाही.

पहिले कारण तर प्रश्नाच्याच विरोधात जाते. 'स्वतःच्या शब्दांत' असे आपणच छापायचे आणि मुलाने स्वतःचे शब्द वापरले की ते अशुद्ध ठरवायचे, हा न्याय मला आजही कळलेला नाही. भूगोलाच्या पत्रिकेत 'अवस' लिहिल्याने अमावास्या बदलत नाही. शुद्धलेखन तपासायचे असेल तर त्याचे गुण वेगळे ठेवावेत आणि ते आधी सांगावेत.

दुसरे कारण त्याहून गंभीर होते, कारण मुलाचे म्हणणे खरे होते. समुद्राचे पाणी सूर्य-चंद्राच्या ओढीला लगेच पूर्ण प्रतिसाद देत नाही. एवढे पाणी हलायला वेळ लागतो, तळाशी आणि किनाऱ्याशी घर्षण होते, त्यामुळे सर्वांत मोठी भरती बहुधा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसते. आपल्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळांचे कोष्टक पाहिले तर हे सहज ताडता येते. हे मी त्यांच्यापुढे मांडले. त्यांचे उत्तर एकच होते: 'पुस्तकात आहे तेवढेच ग्राह्य.' नोंदवहीत शेवटी त्यांचाच आकडा गेला. पुस्तकाशी तरी त्या उत्तराचा विरोध कोठे होता? दोन्ही तिथी त्यात होत्या, उरलेले वाक्य ही भर होती.

म्हणून माझा आग्रह आहे की दुरुस्तीची उत्तरसूची पूर्ण वाक्यात लिहूच नये, कारण वाक्य लिहिले की तपासणारा शब्द जुळवत बसतो. सूचीत प्रत्येक विधानासमोर दोनच गोष्टी असाव्यात: चुकलेला भाग कोणता आणि त्या जागी काय आलेच पाहिजे. वरच्या विधानासाठी ती नोंद अशी होईल: चुकलेला भाग 'फक्त पौर्णिमेला'; हवे ते 'अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्ही'. वाक्य कोणत्याही बोलीत असो, या दोन्ही गोष्टी त्यात सापडल्या की 2 गुण. जादा लिहिलेले खरे असेल तर त्याला वेगळा गुण नाही आणि शिक्षाही नाही. जादा लिहिलेले खोटे असेल, उदाहरणार्थ 'कारण त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो', तर मी खाली लाल रेघ मारून वर्गात त्याविषयी बोलतो, पण गुण कापत नाही. ते वाक्य दुरुस्तीलाच खोडून काढत असेल तेव्हा मात्र दुसरा गुण जातो.

'नाही'बद्दल वर जे ठामपणे म्हटले त्याला एक अपवाद आहे. 'चंद्राला स्वतःचा प्रकाश असतो' या विधानाची 'चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो' हीच पूर्ण दुरुस्ती आहे, तेथे मुलाने आणखी काय लिहावे? असे विधान दुरुस्तीच्या प्रश्नात आले तर दोष विधान काढणाऱ्याचा. ते 1 गुणाच्या साध्या 'चूक-बरोबर'मध्ये टाकावे, किंवा 'समुद्राला दिवसातून एकदाच भरती येते' अशा विधानाने बदलावे. तेथे दुरुस्तीसाठी 'दोनदा, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने' असे काहीतरी ठोस आणावे लागते. सातवीला मी 'दोनदा' एवढ्यावरही पूर्ण गुण देतो.

बरोबर विधानाला 'चूक' म्हणून त्याची 'दुरुस्ती' करणाऱ्याला अर्थातच शून्य, पण ते वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण गैरसमज नेमका कोठे आहे ते त्यातच दिसते. आणि तुमच्याकडेही दोघांनी तपासण्याची पद्धत असेल, तर गुण देण्याचा हा करार तपासणी सुरू होण्यापूर्वीच लेखी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या; गठ्ठा परत आल्यावर वाद घालून नोंदवहीतला आकडा बदलत नाही.