आत्याला फोन करण्याआधी एवढं वाच

हाय गं,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण तू पाठवलेले स्क्रीनशॉट मला नीट बघायचे होते. तीन पोस्ट, तिन्हींवर आत्याची कमेंट. तू तुझं नवीन चित्र टाकलंस तर खाली "छान आहे पण एवढी चांगली नोकरी सोडून हेच करायचं होतं का", वाढदिवसाच्या फोटोखाली "आता तरी पुढचा विचार कर", आणि परवाच्या पोस्टवर तर थेट "आईबाबांना किती काळजी असेल याचा विचार केलास का". आणि त्याला चार नातेवाइकांचे लाइक. वाचून मलाच कसंतरी झालं, तुझं काय झालं असेल ते कळतंय. तुझं काम बघायला येणारे क्लायंट पण तीच पोस्ट उघडतात ना, म्हणजे हा नुसता मनाला लागण्याचा प्रश्न नाहीये.

तुला सल्ला देण्याआधी एक गोष्ट सांगते, जी मी फार जणांना सांगितलेली नाही. मी स्वतः अशी कमेंट करणारी मावशी होते. माझ्या भाच्याने कोर्स अर्धवट सोडला तेव्हा त्याच्या प्रत्येक फोटोखाली मी काहीतरी लिहायचे, "अभ्यास कसा चाललाय" वगैरे, मला माहीत असायचं की अभ्यास चालू नाहीये, तरी लिहायचे. मला खरंच वाटायचं की मी त्याच्याशी बोलतेय. समोर त्याचा फोटो दिसतोय, मनात काळजी आहे, बोट चाललं. तिथे त्याचे मित्र आहेत, तो जिथे काम शोधतोय तिथली माणसं आहेत, हे डोक्यातच यायचं नाही. एक दिवस त्याने फोन केला आणि शांतपणे म्हणाला, मावशी, तू काल लिहिलेलं मी तुला वाचून दाखवतो, आणि वाचलं. माझंच वाक्य त्याच्या आवाजात ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ते कसं लागत असेल. तरीही मला राग आला, दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर एकही तशी कमेंट केली नाही. म्हणून मी तुला दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

त्याने त्या फोनवर एक गोष्ट फार बरोबर केली होती, ती मला बऱ्याच नंतर समजली. त्याने मला माझं मत बदलायला सांगितलं नाही. कोर्स सोडणं बरोबर होतं हे पटवायला तो बसलाच नाही. तो एवढंच म्हणाला की हे तिथे लिहू नको, तुला काही वाटलं तर मला फोन कर. मत बदल म्हटलं असतं तर मी तासभर भांडले असते, जागा बदल म्हटल्यावर भांडायला काही उरलंच नाही.

आता तू जो मेसेज लिहून ठेवलायस तो बघ. "आत्या, तू माझ्या प्रत्येक पोस्टवर काहीतरी बोलतेस, मला खूप त्रास होतो, माझे निर्णय मी विचार करूनच घेतलेत, प्लीज जरा समजून घे." मनापासून लिहिलंयस, पण हा पाठवू नको. "प्रत्येक पोस्टवर" म्हटलंस की ती म्हणणार, प्रत्येक कुठे, गेल्या महिन्यात तर मी छान लिहिलं होतं, आणि मग तुम्ही दोघी मोजत बसणार. "विचार करून घेतलेत" म्हटलंस की ती विचारणार, काय विचार केलास सांग ना, आणि विषय परत नोकरीवर. आणि "समजून घे" याचं ती नेमकं काय करणार? पुढच्या वेळी पोस्ट समोर आली की टाइप करायचं की नाही, हे तिला त्यातून कळत नाही. मागणी अशी पाहिजे की ती पाळली की मोडली हे तिलाही कळेल आणि तुलाही.

मी असं म्हणेन बघ, तुझ्या भाषेत बदलून घे:

"आत्या, एक विनंती आहे. माझ्या नोकरीबद्दल, लग्नाबद्दल किंवा आईबाबांबद्दल पोस्टखाली लिहू नकोस. तिथे माझे क्लायंट पण वाचतात. तुला काही विचारायचं असेल तर मला फोन कर, मी बोलेन. फोटो आवडला तर नक्की लिही, मला आवडतं."

बस एवढंच. काय लिहायचं नाही, का, त्याऐवजी काय करायचं, आणि काय चालेल. यात सॉरी कुठेही नाही आणि "तुझ्यामुळे" पण नाही. शेवटचं वाक्य गाळू नको, ते नसेल तर तिला वाटतं की तू तिला तुझ्या आयुष्यातूनच काढतेयस. आणि फोनवर बोलेन असं म्हणतेयस तर खरंच बोलायची तयारी ठेव, नाहीतर नुसतं तोंड बंद केल्यासारखं होतं. आठवड्यातून दहा मिनिटं देता येत असतील तर तेवढीच दे, पण दे.

आधी फोनच कर. मेसेजमध्ये आवाज नसतो, तिला ते कडक वाटेल, आणि तो मेसेज फॉरवर्ड होऊन फॅमिली ग्रुपवर जायला पाच मिनिटं लागत नाहीत. पण तू म्हणालीस की ती मध्ये मध्ये बोलते आणि तुला रडू येतं, तर मग व्हॉइस नोट पाठव, आवाज पण जातो आणि कोणी तोडत पण नाही. कमेंट आली त्याच तासात नको, दुसऱ्या दिवशी. आणि पोस्टखाली उत्तर देऊन तर अजिबात नको, ते मी खूप जणांचं बिघडलेलं पाहिलंय. तू उत्तर दिलंस की तिला नोटिफिकेशन जातं, सगळ्यांसमोर तिला मागे हटता येत नाही, म्हणून ती अजून एक लिहिते, मग काका लिहितात "अगं ती तुझ्या भल्यासाठीच सांगतेय", आणि तुझं चित्र राहतं बाजूला.

बाबांना मध्ये घालू नको हेही सांगते. तुला वाटतंय बहीण आहे त्यांची, ते सांगतील तर ऐकेल. पण तिला ते असं ऐकू येणार की माझ्या भाचीने माझी तक्रार केली, आणि मग तो भावाबहिणीतला जुना हिशोब होतो, त्यात तुझ्या कमेंटचा विषय हरवून जातो. बाबांना फार तर आधी एवढं सांग की मी आत्याशी बोलणार आहे, म्हणजे तिने त्यांना फोन केला तर ते दचकणार नाहीत.

ती काय म्हणेल याचा मला अंदाज आहे कारण मी पण तेच म्हणाले होते. "मी काळजीपोटीच लिहिते गं." यावर वाद घालू नको, म्हण, मला माहितीये आत्या, म्हणूनच म्हणते की फोन कर. "एवढं असेल तर टाकूच नकोस ना फोटो." यावर म्हण, ते माझं काम आहे आत्या, मी टाकणार, फक्त खाली हे विषय नकोत. आणि तिसरं सगळ्यात अवघड, "बरं बाई, आता मी काही लिहिणारच नाही." इथे तुझं मन पाघळणार आणि तू म्हणशील, नाही गं तसं नाही, लिही तू, काही नाही. हे म्हणालीस की सगळं परत पहिल्यापासून. त्याऐवजी "फोटोबद्दल लिही ना, ते मला हवंय, बाकीचं फोनवर" एवढं म्हण आणि विषय बदल. ती थोडे दिवस गप्प बसेल. बसू दे. मधल्या काळात तू एरवी करतेस तसा साधा फोन कर, तब्येतीची चौकशी कर, या विषयाचा उल्लेख नको. मी दोन दिवस रुसले होते तेव्हा भाच्याने तेच केलं आणि मला परत यायला वाट मिळाली.

एकदा तरी ती चुकेलच, सवय आहे ती. तेव्हा कमेंट डिलीट कर, तुझ्या पोस्टखालची कमेंट तू काढू शकतेस आणि काढल्याचं नोटिफिकेशन तिला जात नाही. पण गुपचूप काढून सोडू नको, तिला दिसलंच की घरभर चर्चा होईल. दोन ओळी पाठव, "आत्या, नोकरीबद्दलची कमेंट काढली, आपलं बोलणं झालं होतं ना. रविवारी फोन करते." परत सगळं समजावत बसायचं नाही. फक्त एक अपवाद, तुझा पगार, तब्येत, कोणाबरोबर बिनसलं असलं काही तिने उघड लिहिलं तर बोलणं झालेलं असो नसो, आधी काढ आणि मग बोल.

दोनतीनदा सांगूनही थांबलं नाही तर सेटिंगकडे वळ. इन्स्टाग्रामवर Restrict आहे. ते केलं की तिची नवीन कमेंट तिला स्वतःला दिसते, बाकी कोणाला दिसत नाही, तू Approve केलीस तरच दिसते, आणि तिला कळवलं जात नाही. तुझ्या पोस्ट तिला दिसत राहतात. जुन्या कमेंट मात्र तुलाच हाताने काढाव्या लागतील. फेसबुकवर पोस्ट टाकताना Friends except मध्ये तिचं नाव घातलंस तर तिला ती पोस्टच दिसणार नाही, पण दुसऱ्या कोणाच्या फोनवर तिने पाहिली तर विषय निघणार, तेव्हा काय बोलायचं ते ठरवून ठेव.

तू विचारलंस की आधीच Restrict करून मोकळी का होऊ नको. तुझ्या बाबतीत मला ते नको वाटतं, कारण आत्या तुझ्याशी एरवी चांगली आहे असं तूच लिहिलंयस, आणि Restrict केल्यावर ती लिहीतच राहणार, तू उत्तर देत नाहीस म्हणून दुखावत राहणार, आणि तिला कधी कळणारच नाही की काय चुकलं. पण तू तिच्याकडे राहत असतीस किंवा तुझा खर्च तिच्या हातात असता, किंवा तिला काही सांगितल्यावर ती घर डोक्यावर घेणारी असती, तर मी म्हटलं असतं, बोलू नको, आधी सेटिंग कर आणि स्वतःला सांभाळ.

शनिवारी दुपारी तू फोन करणार म्हणालीस ना, त्याआधी आत्याला सांगायची ती पाच वाक्यं मला एकदा मोठ्याने म्हणून दाखव, मी आत्या होते आणि मध्ये मध्ये बोलते, बघू कुठे अडखळतेस.

तुझी ताई