इलेक्ट्रिशियनचा अर्ज बांधकाम कंपनीत कोण वाचतं आणि त्यात काय शोधतं

प्रश्न: ८ वर्षं घरांचं आणि छोट्या इमारतींचं वायरिंग करतोय. आता एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज करायचाय. वायरिंगचं काम, लायसन्स आणि साइटवरची सेफ्टी अर्जात कशी दाखवू? 'सर्व प्रकारचं वायरिंग येतं, सेफ्टीचं ज्ञान आहे' एवढं लिहिलं तर पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. मी साइटवर इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे आणि आमच्याकडे आलेल्या अर्जांचा गठ्ठा शेवटी माझ्याच टेबलावर येतो. त्यातल्या बहुतेक अर्जांत तुमचं हे वाक्य जसंच्या तसं असतं. ते खोटं असतं असं नाही, पण त्यावरून मला काहीच कळत नाही. अर्ज वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट असते: या माणसाला पहिल्या आठवड्यात एकट्याला डीबीवर उभं करता येईल का, की त्याच्यामागे अजून एक माणूस ठेवावा लागेल?

त्यामुळे 'काय येतं' हे बाजूला ठेवा आणि एक काम घेऊन ते सांगा. तुम्ही छोट्या इमारती केल्यात म्हणताय, तर त्यातली सगळ्यात मोठी निवडा. समजा ती ४ मजल्यांची, १६ फ्लॅटची होती. मग असं लिहा: 'निवासी इमारत, १६ फ्लॅट, प्रत्येकी ९ सर्किट. दोघांच्या टीममध्ये स्लॅबमधलं कंड्युट, वायर ओढणं, डीबीचं टर्मिनेशन आणि चाचणी ही कामं केली. १४४ सर्किटांचं इन्सुलेशन मी स्वतः मोजून तक्त्यात नोंदवलं; ३ सर्किट नापास झाली, दोष काढून पुन्हा मोजली.' आकडे अर्थातच तुमचे खरे घाला. एवढ्या चार ओळींत मला कामाचा आकार कळतो, तुमचा वाटा कळतो, आणि काम संपल्यावर तुम्ही मेगर लावता हेही कळतं. ती ३ नापास सर्किट लपवू नका. १४४ पैकी १४४ पास असं वाचलं की मला तक्ता घरी बसून भरल्याचा संशय येतो.

स्लॅबचं काम केलं असेल तर त्याला एक वाक्य नक्की द्या, कारण घरातल्या वायरिंगपेक्षा साइट वेगळी होते ती इथेच. भिंतीत झिरी मारून पाइप टाकणाऱ्याला चूक झाली तर झिरी पुन्हा उघडता येते. स्लॅबमध्ये काँक्रीट पडल्यावर मात्र विषय संपतो. व्हायब्रेटरच्या धक्क्याने कपलर निसटतो, त्यातून सिमेंटचं पाणी आत शिरतं आणि महिनाभराने वायर ओढताना स्प्रिंग मध्येच अडकते. 'काँक्रीटआधी पाइपांची तोंडं बंद करून, प्रत्येक ओळीचा फोटो काढून इंजिनियरला दाखवत असे' असं लिहिणाऱ्याने एकदा तरी हा त्रास भोगलाय हे मी ओळखतो. जे केलेलं नाही ते मात्र लिहू नका. थ्री फेज पॅनेल तुम्ही फक्त दुसऱ्याच्या हाताखाली केले असतील, तर 'देखरेखीखाली' हा शब्द घाला. त्याने अर्ज पडत नाही, उलट बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

आता सेफ्टी. 'सेफ्टीचं ज्ञान आहे', 'पीपीई वापरतो' ही वाक्यं काढून टाका. हेल्मेट आणि बूट तर आम्ही गेटवरच घालायला लावतो, त्यात तुमचं काही दिसत नाही. सेफ्टी दिसते ती दोष शोधण्याच्या पद्धतीत. म्हणून अर्जात एक तरी बिघाड सांगा, ज्यात घाईचा सोपा मार्ग समोर होता आणि तुम्ही तो घेतला नाही. नमुना म्हणून माझ्याच एका जुन्या साइटवरचा प्रसंग सांगतो.

तात्पुरत्या पुरवठ्याच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी रोज सकाळी पडायचं आणि दुपारी मुकाट्याने उभं राहायचं. काम थांबत होतं, म्हणून कुणीतरी तिसऱ्या दिवशी ते बायपास करून टाकलं. मी ते पूर्ववत केलं, त्यावर दोन शिव्याही खाल्ल्या. मग डीबीचा पुरवठा बंद करून कुलूप लावलं, सगळ्या सॉकेटांवरून यंत्रं काढली आणि एकेक सर्किट ५०० व्होल्ट डीसीवर मोजलं. मोजताना त्या सर्किटची न्यूट्रल बारवरून सोडवावी लागते, नाहीतर बारवर एकत्र आलेल्या सगळ्या सर्किटांचा दोष एकाच रीडिंगमध्ये येतो आणि चांगलं सर्किटही खराब दिसतं. बाकी सर्किटं ५० मेगाओहमच्या वर होती, एक ०.०१ मेगाओहम दाखवत होतं. म्हणजे १० हजार ओहम. २३० व्होल्टला त्यातून साधारण २३ मिलिअँपिअर गळती होते. ३० चं आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतं, त्यामुळे ते आपलं काम चोख करत होतं. मग ते सर्किट मधल्या जंक्शन बॉक्सवर तोडून दोन्ही भाग वेगळे मोजले, खराब भाग पुन्हा अर्ध्यात तोडला, असं करत जमिनीलगतच्या एका बॉक्सपाशी पोचलो. आत नुसती टेप गुंडाळलेला जोड होता. रात्री दव आणि क्युरिंगचं पाणी आत जायचं, दुपारच्या उन्हात ते सुकायचं. जोड काढून सलग केबल टाकली, पाणी न शिरणारा बॉक्स वर भिंतीवर बसवला, पुन्हा मोजलं, मग सर्किट चालू केलं.

तुमच्याकडे असा प्रसंग असणारच. अर्जात तो तीन-चार वाक्यांतच मांडायचा: 'आरसीसीबी वारंवार पडत होतं. बायपास न करता पुरवठा बंद करून कुलूप लावलं, प्रत्येक सर्किट मेगरने मोजलं. एका सर्किटचं रीडिंग ०.०१ मेगाओहम आलं. टप्प्याटप्प्याने विभागून ओला जोड शोधला, बदलला, पुन्हा मोजून सर्किट सुरू केलं.' हे वाचणारा सुपरवायझर तुम्हाला मुलाखतीत याच्यावरच खेचेल, आणि तुम्ही ते खरंच केलेलं असेल तर तिथे बोलायला तुमच्याकडे भरपूर असेल.

पुरवठा बंद करण्याच्या सवयीचीही एक ओळ हवी, पण क्रमासकट. एमसीबी खाली पाडली म्हणजे सर्किट मेलं असं साइटवर धरत नाहीत. कुणीतरी ड्रिल चालत नाही म्हणून ती परत वर करतो. जनरेटरही असतो, आणि त्याची जोडणी चेंजओव्हरशिवाय झालेली असली तर बंद समजलेल्या बाजूनेही करंट येतो. म्हणून बंद करायचं, स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, कुलपावर नावाची पाटी. मग दोन टोकांचा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतोय हे पाहायचं, मग कामाच्या सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि शेवटी पुन्हा चालू जागी. शेवटचा टप्पा बरेचजण विसरतात. मधल्या वेळात टेस्टरच बंद पडला असेल तर 'करंट नाही' याला काही अर्थ उरत नाही. स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर यासाठी चालत नाही, कारण त्याचा दिवा तुमच्या अंगातून वर्तुळ पूर्ण झालं तरच लागतो. कोरड्या लाकडी शिडीवर रबरी बुटांत उभे असाल तर जिवंत वायरवरही तो विझलेला किंवा अगदी मंद दिसू शकतो. अर्जात एवढंच: 'कुलूप, पाटी आणि टेस्टरची आधी-नंतर तपासणी केल्याशिवाय कामाला हात लावत नाही.'

लायसन्सबद्दल फार लिहायचं नसतं, पण त्यातच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. 'परवानाधारक' या एका शब्दाने काम होत नाही. प्रकार, क्रमांक, देणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि कुठल्या तारखेपर्यंत वैध आहे, हे चारही एका ओळीत, अर्जाच्या वरच्या भागात लिहा. प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. हाताने काम करण्याचा परवाना वेगळा, दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करून सही करण्याचा वेगळा, आणि व्होल्टेजची मर्यादाही बऱ्याचदा त्यावरच लिहिलेली असते. जाहिरातीत देखरेखीचा परवाना मागितला असेल आणि तुमचा कामाचा असेल, तर ते स्पष्ट लिहून कामाच्या जागेसाठी विचारा. मुदत संपत आली असेल तर 'नूतनीकरणाचा अर्ज अमुक तारखेला दिला' असं लिहून पावती जोडा. आणि परवान्यावरचं नाव व अर्जातलं नाव अक्षरशः एक ठेवा. आमच्याकडे एका चांगल्या माणसाची नेमणूक तीन आठवडे लांबली, कारण परवान्यावर वडिलांचं नाव मधे होतं आणि बाकी कागदांवर नव्हतं.

सगळं मिळून दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. भरलेल्या चाचणी तक्त्याची एक प्रत जोडता आली तर जोडा, मालकाचं नाव-पत्ता झाकून. कामाचे फोटोही चालतील, पण जोडण्याआधी दुसऱ्याला दाखवा. एकाने अगदी सुबक बांधलेल्या डीबीचा फोटो पाठवला होता. वायरी सरळ, फेरूल नंबर लावलेले, बघत राहावं असं काम. फक्त पुढचं कव्हर काढलेलं होतं, इंडिकेटरचे तिन्ही दिवे पेटलेले होते, आणि स्क्रूड्रायव्हर धरलेल्या त्याच्या हातात अंगठी होती.