'किंमत', 'मोबदला' की 'पडली'?

"प्लॉट घेतला, खरेदीखतात 20 लाख. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील वेगळे. सीए म्हणतो हे सगळं कॅपिटलाईज करा. मग जमिनीची 'किंमत' नक्की कुठली म्हणायची, आणि कॅपिटलाईजला मराठीत काय म्हणतात?"

पुस्तकी शब्द 'भांडवलीकरण', पण तो पेढीवर कोणाच्या तोंडी मी तरी ऐकला नाही, तिथे म्हणतात 'जमिनीत धरा' नाहीतर 'जमिनीच्या नावे टाका'. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या रोजच्या एका क्रियापदात आहे, 'पडणे'. आंब्याची पेटी केवढ्याला घेतली हा एक प्रश्न आणि घरपोच केवढ्याला पडली हा दुसरा, भाडं हमाली धरून. जमिनीचंही तेच, घेतली 20 लाखांना पण पडली किती हे वेगळं, आणि हिशेबात जाते ती पडलेली रक्कम.

आता तुमचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीखताचा उतारा, काढून बघा, त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील. मोबदला म्हणजे विकणाऱ्याला दिलेले पैसे, बदल्यात दिलेलं ते. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने काढलेला, आणि ड्युटी लागते या दोघांतल्या मोठ्या आकड्यावर. लोक इथेच घसरतात, बाजारभाव जास्त दिसला की तोच 'किंमत' म्हणून लिहून टाकतात. अहो, तो आकडा फक्त ड्युटी मोजायला, तुमच्या खिशातून तेवढे गेलेलेच नाहीत.

समजा प्लॉट नगरपरिषद हद्दीत, मोबदला 20,00,000 आणि बाजारभाव 21,50,000. ड्युटी 6 टक्के धरली तर 1,29,000, नोंदणी फी 1 टक्का म्हणजे 21,500 (ही फी 30,000 च्या वर जात नाही, तो टप्पा इथे आलेला नाही). वकिलाने सर्च काढून खरेदीखत केलं त्याचे 15,000, दलालाचे 20,000. सगळं मोबदल्यात मिळवा, 21,85,500. म्हणजे जमीन 'पडली' 21,85,500 ला आणि 21,50,000 कुठेच नाही, तो फक्त टक्के काढताना वापरला.

मग कुठला खर्च धरायचा नि कुठला नाही? मी स्वतःला एवढंच विचारतो, हा खर्च *ही* जमीन नावावर व्हायला, ताब्यात यायला किंवा ठरलेल्या कामाला वापरण्याजोगी व्हायला लागला का. 'ही' वर जोर आहे. आमच्या एका नातेवाईकाने आधी दुसरा प्लॉट बघितला होता, वकिलाने सर्च काढला, टायटलमध्ये घोळ निघाला, व्यवहार मोडला, आणि त्या सर्चचे पैसे त्याने नंतर घेतलेल्या प्लॉटमध्ये धरले. ते चुकलं, कारण तो खर्च न मिळालेल्या जमिनीचा होता. तसंच कर्ज काढलं असेल तर बँकेची प्रोसेसिंग फी आणि गहाणाच्या कागदावरची ड्युटी, हेही 'स्टॅम्प' आणि 'फी'च, पण ते कर्जाचे खर्च, जमिनीला चिकटत नाहीत. शब्द सारखा म्हणून खातं सारखं असं नसतं.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण मालमत्ता कर. विकणाऱ्याची मागची 8,000 ची थकबाकी होती आणि बोलणीत ठरलं की ती घेणाऱ्याने भरायची, तर ते 8,000 जमिनीत जातात, एक प्रकारे मोबदल्याचाच भाग आहे तो, आणि वरच्या हिशेबात असं ठरलं असतं तर आकडा 21,93,500 झाला असता. पण खरेदीनंतरच्या वर्षाचा कर, तोच कर, तीच पावती, तो त्या वर्षाचा खर्च. याला हिशेबात 'महसुली खर्च' म्हणतात आणि तलाठ्याकडे जाऊन आलेला माणूस हमखास गोंधळतो, त्याला वाटतं महसूल खात्याला दिलेले ते महसुली. तसं नाही, ड्युटी आणि नोंदणी फी सरकारी तिजोरीत जाते तरी ती भांडवली. कुंपणाची भिंत बांधली तर तीही भांडवली, पण ती वेगळी मालमत्ता म्हणून लिहायची, कारण भिंतीवर घसारा चालतो आणि जमिनीवर चालत नाही. भूमिपूजनाचे पेढे विचारू नका.

धंद्याची वही नसली, स्वतःसाठी घेतला असला तरी कागद जपा, पुढे प्लॉट विकला की भांडवली नफा काढताना ड्युटी आणि नोंदणी खरेदीखर्चात धरता येते. तिची चलनं सापडतात, दलालाला रोख दिलेल्याची मात्र पावती नसते आणि तेव्हा तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

वहीत मी असं लिहीन: 'जमीन खाते नावे, मोबदला अधिक खरेदीखर्च'. यातला 'खरेदीखर्च' सलग एक शब्द लिहा, 'खरेदी किंमत' लिहिलंत की वाचणारा 20 लाखच समजणार.