प्रॅक्टिकलमध्ये पाचव्या दिवशी डीओ शून्य आला. बीओडी किती लिहू? आणि डीओ-बीओडीत फरक काय?

बीओडीचा आकडा लिहू नका. ‘यापेक्षा जास्त’ एवढंच लिहा. याच शून्यावरून माझं वर्गात भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर सांगते.

आम्हाला सांडपाण्याचा नमुना दिला होता. 300 मिलीच्या एका बाटलीत आम्ही 30 मिली नमुना घातला, दुसरीत 6 मिली, आणि दोन्ही हवा भरलेल्या विरलन-पाण्याने काठोकाठ भरल्या. तशाच जोडीच्या आणखी दोन बाटल्यांचा डीओ लगेच काढला: 7.4 आणि 8.0 मिलिग्रॅम प्रतिलिटर. मग 20 अंशांवर, अंधारात, 5 दिवस.

पाचव्या दिवशी मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर 6 मिलीच्या बाटलीत तपकिरी साका बसला. टायट्रेशनने 3.8 आला. 30 मिलीच्या बाटलीतला साका मात्र पांढराशुभ्र. ऑक्सिजन असला तरच मँगनीज तपकिरी होतं. पांढरा साका म्हणजे काहीच उरलं नाही, ब्युरेट हातात घ्यायचीही गरज नाही.

आता हिशेब. 6 मिली म्हणजे 0.02 भाग, म्हणून (8.0 − 3.8) ÷ 0.02 = 210. दुसरीचा (7.4 − 0) ÷ 0.1 = 74. माझ्या जोडीदाराने दोन्हींची सरासरी काढली, 142! मी म्हटलं, डबा रिकामा झाला म्हणून भूक भागली असं होत नाही. जिवाणूंचा ऑक्सिजन कदाचित दुसऱ्याच दिवशी संपला असेल. 74 म्हणजे फक्त ‘किमान 74’, त्याची सरासरी कशी काढणार? सरांनी 142 ला पूर्ण गुण दिले आणि मला ‘वाद घालू नकोस’ म्हणून सांगितलं.

सर चुकले होते. बाटली ग्राह्य धरायची तर शेवटी किमान 1 डीओ उरायला हवा आणि किमान 2 खर्च व्हायला हवा. आमच्यापैकी एकच बाटली त्यात बसत होती, म्हणजे उत्तर 210. म्हणूनच एका नमुन्याची दोन-तीन विरलनं करतात, सरासरीसाठी नव्हे. वहीत ‘74 पेक्षा जास्त, बाटली बाद’ असं लिहायला लाजू नका. परीक्षकाने विचारलंच तर साक्याचा रंग सांगा.

फरकाचं म्हणाल तर डीओ म्हणजे आत्ता पाण्यात असलेला ऑक्सिजन आणि बीओडी म्हणजे जिवाणू 5 दिवसांत खातील तो. बाकी पुस्तकात आहेच.

हो, एक राहिलं. नुसत्या विरलन-पाण्याचीही एक बाटली ठेवा. तिचा डीओ 5 दिवसांत 0.2 पेक्षा जास्त घटला तर पाणीच खराब, मग माझ्या 210 सारख्या आकड्यावरही भरवसा नाही. आम्ही ती ठेवली होती का, हे मात्र मला आज आठवत नाही.